मंगळवारी चौथ्या तासाला काय दिसेल?

माझ्या पहिल्या मसुद्याचं पहिलं वाक्य असं होतं : ‘प्रत्येक मूल वेगळं असतं आणि प्रत्येकात शिकण्याची क्षमता असते, यावर माझा ठाम विश्वास आहे.’ वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं आणि मला ते आवडलंही. मुलाखतीच्या पॅनलपुढे ठेवायच्या पोर्टफोलिओची बाकी सगळी कागदपत्रं तयार होती : पाठटाचणं, निकाल, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं. राहिली होती ती फक्त सुरुवातीला लावायची ‘माझी अध्यापनविषयक भूमिका’. दीड ते दोन पानं. रविवारी सकाळी बसले आणि दुपारी जेवायच्या आत संपवलं. इतक्या लवकर झालं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या बाई माझ्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी मोठ्या. त्यांनी अशी पोर्टफोलिओ तपासलेलीही आहेत. त्यांना मसुदा दिला. मधल्या सुट्टीत त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “छान लिहिलंयस. पण मला एक सांग, मी मंगळवारी चौथ्या तासाला तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले, तर यातलं मला काय दिसेल?”

मी म्हटलं, “वातावरण दिसेल ना, बाई.”

“वातावरण नको. तू काय करताना दिसशील?”

मग त्यांनी पेन्सिलने एकेका वाक्यासमोर छोटा प्रश्न लिहिला : ‘याच्या उलटं कोणी म्हणेल का?’ प्रत्येक मूल वेगळं असतं. याच्या उलटं म्हणणारा शिक्षक कुठे सापडणार? मुलांचा आदर केला पाहिजे. करू नये असं कोण लिहील? त्या कसोटीवर माझी नऊ ‘मतं’ होती, त्यांतली सात गळाली. ती चुकीची नव्हती, पण ती माझी अशी नव्हती. कुणाच्याही पोर्टफोलिओत चिकटवली असती तरी चालली असती. उरली ती दोन. चुकांमधून मूल कसा विचार करतं ते कळतं, हे एक. आणि प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर घेणं नुकसानीचं असतं, हे दुसरं. या दोन्ही गोष्टींना नाही म्हणणारे चांगले शिक्षक मला माहीत आहेत. त्यांच्याकडे त्यांची कारणंही आहेत.

दुसऱ्या मसुद्यात मी तीच चूक वेगळ्या पद्धतीने केली. गळालेली मतंही तशीच ठेवली आणि प्रत्येकाच्या शेवटी एक ‘उदाहरणार्थ’ जोडलं. चुकांबद्दलच्या परिच्छेदाखाली ‘उदाहरणार्थ, मी गटकार्य घेते’, आदराबद्दलच्या परिच्छेदाखाली ‘उदाहरणार्थ, मी खेळातून शिकवते’, असं. आता वर्गातलं काहीतरी दिसत होतं, त्यामुळे मला वाटलं जमलं. बाईंनी काही न बोलता दोन परिच्छेदांमधली उदाहरणं बाण काढून अदलाबदल केली. वाचून बघितलं, तर काहीच बिघडलं नाही. चुकांखाली खेळ आला, आदराखाली गटकार्य आलं आणि दोन्ही परिच्छेद तितकेच गुळगुळीत राहिले. म्हणजे मत आणि कृती यांच्यात नातं नव्हतंच, नुसती शेजारी बसवली होती. ही अदलाबदल मी नंतर स्वतःच करायला लागले. कृती दुसऱ्या मताखाली सहज बसली, तर ती पहिल्याचीही नसते.

मग लिहिणं थांबवलं. बाईंचं म्हणणं होतं की भूमिकेतून वर्गाकडे जायचंच नाही, वर्गातून भूमिकेकडे यायचं. दोन आठवडे एका वहीत रोज तास संपल्यावर तीन-चार ओळी लिहायच्या. आज मी काय केलं, एवढंच. का केलं ते नाही. आणि त्यातही जिथे दोन पर्याय होते आणि मी एक निवडला, तेवढेच क्षण. त्या दहा दिवसांत बावीस नोंदी झाल्या. ‘अकराव्या उदाहरणाला थांबवलं, उरलेली चार गृहपाठाला दिली नाहीत.’ ‘उत्तर बरोबर होतं तरी फळ्यावर कसं आलं ते विचारलं.’ ‘घंटा व्हायला तीन मिनिटं होती म्हणून उत्तर मीच सांगून टाकलं.’

ही शेवटची नोंद चार वेळा होती.

क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोन अभ्यासकांनी १९७४मध्ये माणसाच्या दोन तत्त्वांमध्ये फरक केला होता : विचारल्यावर तो जे सांगतो ते एक, आणि त्याच्या वागण्यातून जे दिसतं ते दुसरं. दोन्ही जुळत नाहीत, हे त्या माणसाला बहुधा ठाऊकही नसतं. बी.एड.ला असताना हे परीक्षेपुरतं लिहिलं होतं. आता वही आणि मसुदा शेजारी ठेवले, तेव्हा ते प्रकरण माझ्याबद्दलच लिहिलेलं निघालं. ‘विचाराला वेळ द्यावा लागतो’ असं मसुद्यात होतं. वहीत मात्र मीच घाईघाईने उत्तर सांगत होते.

म्हणून ते मत घेऊन मी दोन मोजमापं केली. एका तासाला बैठकव्यवस्थेचा कागद टेबलावर ठेवला आणि जो बोलेल त्याच्या चौकोनात टिंब द्यायचं ठरवलं. वर्गात एकतीस मुलं. चाळीस मिनिटांत सव्वीस उत्तरं आली. त्यांतली अठरा पाच मुलांची, आठ उत्तरं आणखी सात मुलांची, आणि एकोणीस चौकोन कोरे. दुसऱ्या दिवशी फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि घरी ऐकला. (स्वतःला शिकवताना ऐकणं हा प्रकार एकदाच करण्यासारखा आहे. मी ‘समजलं ना?’ किती वेळा म्हणते ते इथे लिहीत नाही.) पहिल्या दहा प्रश्नांपैकी आठांना मी दोन सेकंदसुद्धा थांबले नव्हते, आणि दोन प्रश्नांचं उत्तर मीच दिलं होतं. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये हेच मोजलं होतं. प्रश्नानंतर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं, की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि गप्प राहणं कमी होतं. म्हणजे मी जगावेगळी नव्हते. पण भूमिकेत ‘मी वेळ देते’ असं लिहायचा मला हक्कही नव्हता.

आता काय करायचं? मत खोडायचं की वागणं बदलायचं? बाई म्हणाल्या, “दोन्ही चालतं. फक्त खोटं लिहू नकोस. पॅनलवर बसणारी माणसंही शिक्षकच असतात.”

मी वागणं बदलून पाहिलं. प्रश्न विचारायचा, हात वर करू द्यायचे नाहीत, मनात पाचपर्यंत मोजायचं, मग सगळ्यांनी वहीत एक ओळ लिहायची आणि त्यानंतर मी नाव घ्यायचं. पहिले दोन दिवस भयंकर गेले. पाच सेकंद वर्गासमोर गप्प उभं राहणं किती लांब असतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की हे सगळ्या प्रश्नांना लावण्यात अर्थ नाही. सात आठे किती, याला पाच सेकंद दिले तर ज्याला येतं तो कंटाळतो आणि ज्याला येत नाही त्याला ते पाच सेकंदांत सुचणारही नाही. थांबणं कामाचं होतं ते ‘का’ आणि ‘कसं’च्या प्रश्नांना. ही मर्यादा मी भूमिकेत तशीच लिहिली, आणि मला वाटतं तेच वाक्य त्या परिच्छेदातलं सगळ्यात खरं आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो चुकांच्या परिच्छेदाने. मूळ मजकूर होता : ‘चूक ही शिकण्याची पहिली पायरी आहे. माझ्या वर्गात चुकांचं स्वागत होतं.’ चुकांचं स्वागत म्हणजे मी नेमकं काय करते? वहीत शोधलं, तर दशांश अपूर्णांकांच्या आठवड्यातली एक नोंद सापडली : ‘०.८ आणि ०.३५ हीच जोडी दिली, पुस्तकातली नाही दिली.’ त्या वेळी मी हे सवयीने केलं होतं. का केलं, ते लिहायला बसले तेव्हा सगळा परिच्छेद तिथूनच निघाला.

दशांश अपूर्णांकांची तुलना करताना मुलं साधारण दोन प्रकारे चुकतात. काहींना वाटतं, जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या. ती ०.३५ला ०.८पेक्षा मोठं म्हणतात, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. दुसऱ्या गटाला नेमकं उलटं वाटतं. शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे त्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून ज्यात शतांश आला ती संख्याच लहान, असा ते निष्कर्ष काढतात. हा दुसरा गट ०.८ आणि ०.३५मध्ये ०.८ मोठं म्हणेल. उत्तर बरोबर, विचार चुकीचा. आणि आपण ०.७५ व ०.५ अशी जोडी दिली, तर पहिला गट बरोबर उत्तर देईल, तेही चुकीच्या विचाराने. म्हणजे एका जोडीवरून काहीच कळत नाही. दोन्ही जोड्या द्याव्या लागतात, आणि बरोबर-चूक न मोजता कुठली बरोबर नि कुठली चूक ते बघावं लागतं.

मी चिठ्ठ्यांवर दोन्ही जोड्या सोडवून घेतल्या होत्या. चिठ्ठ्या अजून कपाटात होत्या, म्हणून पुन्हा काढून त्यांचे ढीग केले. दोन्ही बरोबर असलेली पंधरा. पहिली चूक, दुसरी बरोबर अशी अकरा, म्हणजे ‘जास्त आकडे, मोठी संख्या’वाली. पहिली बरोबर, दुसरी चूक अशी चार. दोन्ही चूक एक. मी गुण दिले असते, तर त्या अकरा आणि चार मुलांना सारखाच एक गुण मिळाला असता आणि मी त्यांना सारखाच जास्तीचा सराव दिला असता. प्रत्यक्षात त्यांच्या अडचणी एकमेकींच्या विरुद्ध होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शंभर चौकोनांची जाळी दिली होती. अकरा जणांनी ०.८ आणि ०.३५ रंगवायचे. ०.८ म्हणजे दहापैकी आठ उभ्या पट्ट्या, म्हणजे ऐंशी चौकोन, आणि ०.३५ म्हणजे पस्तीस. एका मुलाने ०.८साठी आधी आठच चौकोन रंगवले, मग स्वतःच थांबून विचारलं, “मॅडम, याला दशांश का म्हणतात मग?” त्या चौघांना मी ०.७५ आणि ०.५ दिले, कारण त्यांचा गोंधळ तिथे होता. ०.८ची जोडी त्यांना दिली असती, तर त्यांची समजूत आणखी पक्की झाली असती.

इथे परिच्छेद संपवायचा मोह झाला होता. समस्या, उपाय, रंगीत जाळी. पण बाईंनी समासात विचारलं, ‘जमलं हे तुला कशावरून कळलं?’ मी उत्तर दिलं, की पुढच्या चाचणीत ०.४१७ आणि ०.६ दिले होते आणि त्या अकरापैकी आठ जणांचं बरोबर आलं. त्या म्हणाल्या, “शून्य लावून केलं असेल.” वह्या काढून पाहिलं तर खरंच, आठपैकी पाच जणांनी ०.६च्या पुढे दोन शून्यं लावून ०.६०० केलं होतं आणि सहाशे चारशे सतरापेक्षा मोठे म्हणून उत्तर लिहिलं होतं. ही युक्ती चुकीची नाही. पण ती करणारं मूल अजूनही दशांशचिन्हाच्या पुढचा भाग साधी पूर्ण संख्या समजत असू शकतं. ते तपासायला मी एक प्रश्न टाकला : ०.४१ आणि ०.४२ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का? पाचपैकी तिघांनी लिहिलं, ‘नाही, एकेचाळीसनंतर लगेच बेचाळीस.’

हे सगळं दोन पानांत मावणार नव्हतं. अंतिम परिच्छेद असा झाला :

‘चुकीच्या उत्तरामागे बहुतेक वेळा एक सुसंगत नियम असतो, असं मी मानते. म्हणून मी सराव देण्याआधी तो नियम शोधते. दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवताना ०.८ व ०.३५ आणि ०.७५ व ०.५ या दोन जोड्या मी एकत्र देते, कारण दोन नेहमीचे चुकीचे नियम या जोड्यांत परस्परविरुद्ध उत्तरं देतात. चिठ्ठ्यांना गुण देत नाही, त्यांचे गट करते आणि गटानुसार पुढचं काम ठरवते (परिशिष्ट २). या पद्धतीला वेळ जास्त लागतो आणि शून्य लावून तुलना करणारी मुलं तिच्यातून निसटतात. त्यासाठी दोन संख्यांच्या मधली संख्या विचारण्याचा प्रश्न मी गेल्या सत्रापासून जोडला आहे (परिशिष्ट ३).’

यात ‘स्वागत’ हा शब्द नाही. त्याची गरजच राहिली नाही. आणि अदलाबदलीची कसोटी लावली, तर या कृती दुसऱ्या कुठल्याच मताखाली बसत नाहीत. क्रियापदांच्या काळावरही आम्ही बराच वेळ घालवला. जे वर्षानुवर्षं करते त्याला ‘देते’, जे नुकतंच सुरू केलंय त्याला ‘गेल्या सत्रापासून’. थांबण्याच्या परिच्छेदात तर ‘सहा आठवड्यांपासून’ असंच लिहिलं. कमी वाटतं, पण खरं तेवढंच आहे.

परिशिष्टांचंही तसंच. आधी मी सगळ्यात देखणी, रंगीत जाळी निवडली होती. ती ठेवली नाही. तिथे त्याच मुलाची चिठ्ठी, आठ चौकोन रंगवून खोडलेली जाळी आणि ०.४१–०.४२चं उत्तर अशी तीन पानं एकापाठोपाठ लावली, नाव झाकून, पालकांची परवानगी घेऊन. प्रत्येक पानाखाली एक ओळ : हे पाहून मी पुढे काय ठरवलं. ती ओळ नसली, तर परिशिष्ट म्हणजे नुसता मुलाच्या कामाचा नमुना राहतो. त्यात शिक्षक कुठेच दिसत नाही.

एक गोष्ट भूमिकेत गेली नाही, पण ती या सगळ्यातूनच निघाली. वहीच्या नवव्या दिवशी नोंद होती : ‘चाचणीचे गुण वाचून दाखवले.’ हे मी नोकरीला लागल्यापासून करत आले. प्रत्येक कृतीमागचं मत शोधायचं ठरवलं होतं, म्हणून या कृतीपुढेही लिहायला बसले : मी मानते की... आणि पुढे प्रामाणिकपणे जे सुचलं ते असं होतं : ‘...लाज वाटली की मुलं अभ्यास करतात.’ हे वाक्य मी कुणालाही म्हणून दाखवलं नसतं. मला ते पटतही नाही. पण माझं वागणं दर महिन्याला तेच म्हणत होतं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. चुकांबद्दलचा तो परिच्छेद आणि ही सवय एकाच बाईच्या वर्गात कशी राहणार? आता वह्या पालथ्या करून वाटते. भूमिकेत हे घालावं का, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “घालू नकोस. सोडलेल्या वाईट सवयीचं श्रेय कशाला घेतेस?”

दोन मतं, दोन परिच्छेद, आणि तिसरा छोटा परिच्छेद गटकार्यावर. त्यात मी लिहिलं, की गटात एकच मूल काम करतं आणि बाकीचे उतरवून घेतात, यावर माझ्याकडे अजून भरवशाचा उपाय नाही, म्हणून नव्या संकल्पनेसाठी मी गट वापरत नाही, सरावासाठी वापरते. पोर्टफोलिओत ‘वापरत नाही’ लिहायला हात धजत नव्हता. मुलाखतीत पॅनलने पंधरा मिनिटं बोलणं केलं ते त्याच परिच्छेदावर. एका सदस्यांनी त्यांच्या वर्गातली गटांची पद्धत सांगितली, मी ती तिथल्या तिथे भूमिकेच्याच प्रतीमागे लिहून घेतली.

थांबण्याची सवय मात्र अजून कच्ची आहे. परवा ‘अपूर्णांकाने भागल्यावर उत्तर मोठं कसं काय आलं?’ असं विचारून मी मनात मोजत उभी होते. तीनवर असताना पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही विसरलात का?” मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं आणि चारवर गेले. मागून, त्या एकोणीस कोऱ्या चौकोनांपैकी एकातून, बाक सरकल्याचा आवाज आला.